पेटीतले पाच हजार : किरकोळ रोकडवहीची इम्प्रेस्ट पद्धत

कार्यालयात रिक्षाचे भाडे, कुरिअर, झेरॉक्स, चहा, एखादी ट्यूबलाइट अशा खर्चांसाठी धनादेश फाडता येत नाही. त्यासाठी एका लहान कुलपी पेटीत रोकड ठेवतात, ती एका कर्मचाऱ्याच्या ताब्यात देतात आणि तिचा हिशेब वेगळ्या वहीत लिहितात. ही किरकोळ रोकडवही. ती इम्प्रेस्ट, म्हणजेच अग्रधन, पद्धतीने ठेवायची म्हणजे पेटीची रक्कम एकदा ठरवून टाकायची आणि महिन्याअखेर जेवढा खर्च झाला तेवढीच रक्कम पेटीत पुन्हा घालायची.

या पद्धतीचा सगळा जोर एका समीकरणावर आहे. ठरलेली रक्कम ५,००० रुपये असेल, तर महिन्यातल्या कोणत्याही दिवशी, कोणत्याही क्षणी, पेटीतली रोकड आणि अजून भरपाई न झालेल्या व्हाउचरांची रक्कम मिळून ५,००० झालेच पाहिजेत. बाजारात जाताना शिपायाला २०० रुपये आगाऊ दिले असतील, तर त्याच्या सहीची चिठ्ठी पेटीत हवी आणि ती या बेरजेत धरायची. एरवीच्या रोकडवहीत शिल्लक रोज बदलते, त्यामुळे ती बरोबर आहे का हे पाहायला मागचे सगळे लिखाण तपासावे लागते. इथे तपासणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असते.

रक्कम ठरवताना मागच्या तीन-चार महिन्यांचा किरकोळ खर्च पाहावा. तो चार ते साडेचार हजारांच्या घरात असेल, तर ५,००० पुरेसे आहेत. वीस तारखेलाच पेटी रिकामी होऊ लागली तर रक्कम वाढवावी. दर महिन्याला तीन हजार तसेच पडून राहत असतील तर कमी करावी. हा बदल मालकाच्या किंवा व्यवस्थापकाच्या लेखी मंजुरीनेच व्हावा. एका वेळच्या खर्चालाही मर्यादा घालावी. ५०० रुपयांवरचा खर्च पेटीतून न करता बँकेमार्फत करायचा, असा नियम लहान कार्यालयाला सहज पाळता येतो.

पैसे बाहेर गेले की व्हाउचर झालेच पाहिजे. त्यावर क्रमांक, तारीख, रक्कम अंकी व अक्षरी, कारण, पैसे घेणाऱ्याची सही आणि मंजुरीची सही असते. मागे दुकानाची पावती टाचलेली असते. रिक्षावाला पावती देत नाही, म्हणून तिथे कुठून कुठे, कोणत्या कामासाठी आणि कोण गेले हे व्हाउचरवरच लिहावे लागते. नुसते ‘प्रवास ८० रु.’ हे लिखाण तपासणीत काहीच सांगत नाही. कर्मचाऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरून यूपीआयने पैसे दिले आणि पेटीतून रोख घेतले, तर व्यवहार क्रमांक व्हाउचरवर उतरवावा, कारण एकाच व्यवहाराचा स्क्रीनशॉट पुन्हा सादर होऊ शकतो.

वहीत डावीकडे मिळालेली रक्कम, मग तारीख, तपशील, व्हाउचर क्रमांक आणि एकूण खर्च, आणि उजवीकडे खर्चाच्या प्रकारांचे रकाने असतात. प्रत्येक खर्च दोनदा लिहायचा, एकदा एकूण रकान्यात आणि एकदा त्याच्या प्रकारात. पाच-सहा रकाने पुरतात. ‘इतर’ हा रकाना फुगायला लागला, तर त्यात दडलेल्या एखाद्या खर्चाला स्वतःचा रकाना द्यायची वेळ आली असे समजावे.

एका कार्यालयाचा एप्रिल महिना घेऊ. १ एप्रिलला पेटीत ५,००० होते. अखेरीस वहीतल्या बेरजा अशा निघाल्या : टपाल व कुरिअर ८६४, प्रवास १,१३०, स्टेशनरी व झेरॉक्स ९७६, चहापाणी ९४५, इतर ३२०. आडवी बेरीज ४,२३५ येते आणि एकूण रकान्याची उभी बेरीजही ४,२३५. म्हणजे पेटीत ७६५ रुपये हवेत. व्यवस्थापकाने पेटी सांभाळणाऱ्यासमोर नोटा मोजल्या : पाचशेची १, शंभराची १, पन्नासाची १, विसाच्या ३, दहाची १ आणि ९ रुपयांची नाणी. एकूण ७२९. छत्तीस रुपये कमी.

अशा वेळी घाईने ‘तूट’ लिहून मोकळे होऊ नये. छत्तीसला नवाने नि:शेष भाग जातो आणि हिशेबनिसाच्या दृष्टीने ही मोलाची खूण आहे. शेजारचे दोन अंक उलटसुलट लिहिले गेले की येणारा फरक नेहमी नवाच्या पटीत असतो. वही आणि व्हाउचरे शेजारी ठेवून ताडली, तेव्हा कुरिअरचे एक व्हाउचर २४० रुपयांचे निघाले. वहीत ते २०४ लिहिलेले होते. एकूण रकान्यात आणि कुरिअरच्या रकान्यात तोच चुकीचा आकडा उतरल्यामुळे बेरजा जुळल्या होत्या. चूक पकडली ती पेटीच्या मोजणीने. चुकीच्या आकड्यावर एक रेघ मारून वर बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. खाडाखोड किंवा पांढरी शाई चालत नाही. टपाल व कुरिअर ९०० झाले, एकूण खर्च ४,२७१ आणि शिल्लक ७२९.

आता धनादेश काढायचा तो नेमका ४,२७१ रुपयांचा. सोयीसाठी साडेचार हजार काढले, की पेटीत ५,२२९ होतात आणि ठरलेल्या रकमेला अर्थ उरत नाही. रद्दी विकून आलेले पैसे पेटीत टाकणे हीही तशीच चूक. ती जमा मुख्य रोकडवहीत जायला हवी. मुख्य हिशेबात टपाल, प्रवास वगैरे खाती आपापल्या रकमेने नावे पडतात आणि बँक खाते ४,२७१ ने जमा होते. किरकोळ रोकड खात्यावर ५,००० कायम दिसत राहतात. भरपाई देताना प्रत्येक व्हाउचरवर आणि पावतीवरही ‘रक्कम दिली’ असा शिक्का मारावा, म्हणजे तीच पावती पुढच्या महिन्यात परत येत नाही.

पेटीत रक्कम जास्त निघाली तरी ती तुटीइतकीच गंभीर धरावी. बहुधा एखादे व्हाउचर दोनदा लिहिलेले असते, किंवा सांभाळणाऱ्याने आधीची तूट पदरच्या पैशाने भरताना हिशेब चुकलेला असतो.

महिन्याअखेरच्या तपासणीला एक मर्यादा आहे. तारीख ठाऊक असेल, तर दहा तारखेला उसने घेतलेले हजार रुपये तीस तारखेला परत ठेवता येतात आणि मोजणी स्वच्छ निघते. म्हणून महिन्यातून एकदा न कळवता, मधल्याच दिवशी पेटी मोजावी. पाच मिनिटे लागतात. दुसरी मर्यादा अशी, की खोटे व्हाउचर खऱ्याइतकेच बेरजेत बसते. समीकरण जुळते आणि पैसे मात्र गेलेले असतात. त्यासाठी पावत्याच वाचाव्या लागतात. एकाच टपरीच्या पावत्यांचे क्रमांक महिनाभर ओळीने येणे, ४९० आणि ४९५ अशा मर्यादेला टेकलेल्या रकमा वारंवार दिसणे, सुट्टीच्या दिवशीचे रिक्षाभाडे, या खुणा थांबून विचारण्याजोग्या आहेत. विचारणारा माणूस पेटी सांभाळणारा नसावा आणि भरपाईचा धनादेशही दुसऱ्याच्याच सहीने निघावा.

३१ मार्चला पेटीत पैसे शिल्लक असले तरी भरपाई करून घ्यावी. तसे केले नाही, तर मार्चची व्हाउचरे एप्रिलमध्ये नोंदली जाऊन खर्च पुढच्या वर्षात पडतो आणि ताळेबंदात ५,००० रोकड दिसत असताना पेटीत प्रत्यक्षात सातशे रुपये असतात.