गुंतवणूकदारांना दरमहा पत्र: गैरसमज आणि वस्तुस्थिती

समजा, भंडारा जिल्ह्यात तुमसरजवळची एक नवी कंपनी शेतकऱ्यांकडून धान घेते, गिरणीत भरडून घेते आणि पाकीटबंद तांदूळ नागपूरच्या दुकानांना विकते. ऑक्टोबर संपला आहे आणि संस्थापक गुंतवणूकदारांना महिन्याचं पत्र लिहायला बसला आहे.

गैरसमज: वर्षाचा ताळेबंद देतोच, मग दरमहा पत्र कशाला?

वस्तुस्थिती: कंपनी कायदा 2013 असं मासिक पत्र मागत नाही, हे खरं. पण दरमहा माहिती देण्याची अट भागधारक करारात अनेकदा असते; तो आधी वाचावा. शिवाय ताळेबंद हाती येईपर्यंत धानाचा हंगाम उलटलेला असतो.

गैरसमज: विक्री वाढली, तर तोच आकडा सर्वांत वर लिहावा.

वस्तुस्थिती: बिलं 6 लाखांची फाडली, पण वसूल 4 लाखच झाले. खर्च 6 लाख. म्हणजे महिन्यात 2 लाखांची घट झाली आणि बँकेत 16 लाख उरले. या वेगाने पैसा 8 महिने पुरेल, असं दिसतं. पण नोव्हेंबरात धानखरेदीत 10 लाख अडकणार आहेत. तो तांदूळ विकून पैसे येईपर्यंत हाताशी 6 लाख, म्हणजे 3 महिन्यांचीच सोय. म्हणून विक्रीशेजारी वसुली, शिल्लक आणि हंगामाची गरज हे तिन्ही आकडे हवेत.

गैरसमज: यश म्हणजे पुरस्कार आणि सत्काराचे फोटो.

वस्तुस्थिती: आपण फोन न करता एखाद्या दुकानदाराने पुन्हा माल मागवला, ही खरी बातमी. ती दोन ओळींत लिहावी.

गैरसमज: अडचण लिहिली की गुंतवणूकदार बिथरतात.

वस्तुस्थिती: अर्धवट लिहिली की बिथरतात. ‘भरडाईत तूट आली’ एवढ्यावर थांबू नये. कणकी कोणत्या खेपेत वाढली, ते सांगावं. धान ओलं असलं तरी दाणा तुटतो आणि कडक उन्हात घाईने वाळवलं तरी तुटतो. आपल्या खेपेत यांपैकी काय झालं, ते लिहावं. आता खरेदीच्या वेळीच आर्द्रतामापकाने तपासणी सुरू केली आहे आणि फरक पुढच्या पत्रात कळवू, इथपर्यंत सांगितलं की वाचणाऱ्याला प्रश्न उरत नाही.

गैरसमज: शेवटी ‘काही मदत करता आली तर कळवा’ लिहिलं की झालं.

वस्तुस्थिती: त्याला उत्तर येत नाही, कारण नेमकं काय करायचं ते कुणालाच कळत नाही. त्याऐवजी लिहावं: ‘दुकानदार 60 दिवसांनी पैसे देतात आणि धानाला रोख लागते. गोदामातल्या मालाच्या तारणावर कर्ज देणाऱ्या बँक अधिकाऱ्याशी 15 नोव्हेंबरपूर्वी ओळख करून द्याल का? दोन ओळींची माहिती सोबत आहे.’ ज्याची तशी ओळख असेल, तो ती माहिती तशीच पुढे पाठवू शकतो.

पत्राची तारीख ठरवावी आणि ती वाईट महिन्यातही पाळावी. 3 महिन्यांचे पैसे हाती असताना सांगितलेल्या अडचणीवर तोडगा निघू शकतो. शेवटच्या आठवड्यात सांगितलेल्या अडचणीवर बहुधा निघत नाही.