ताबा रखडला? बिल्डरला मेल असा लिहा

ताबा लांबला की बहुतेक जण बिल्डरला रागाचा मेल पाठवतात. भाड्याचा भुर्दंड, मुलांची शाळा, फसवणूक, सगळं त्यात येतं. फक्त करारातली तारीख येत नाही. उत्तर ठरलेलं असतं: ‘काम प्रगतिपथावर आहे.’

रेरा कायद्याच्या कलम 18 नुसार तारीख टळली की खरेदीदारापुढे दोन वाटा असतात. व्यवहार सोडून व्याजासह पैसे परत घ्यायचे, किंवा घर ठेवून ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज घ्यायचं. मेलमध्ये यातली एकच वाट निवडा. ‘ताबा द्या, नाहीतर पैसे द्या’ असं लिहिलं की नेमकी मागणी काय, हेच कळत नाही.

समजा, पुण्यातला 60 लाखांचा फ्लॅट आहे, 54 लाख भरलेत आणि घर हवंच आहे. अशा वेळी मेल एवढाच पुरे:

‘विषय: फ्लॅट क्र. ___, ताब्यास विलंब. नोंदणीकृत करारानुसार ताब्याची तारीख 31 डिसेंबर 2023 होती. मी 54 लाख रुपये भरले आहेत. पावत्या सोबत आहेत. भोगवटा प्रमाणपत्रासह ताबा मिळालेला नाही. मी व्यवहारात कायम आहे. कलम 18 नुसार 1 जानेवारी 2024 पासून ताब्यापर्यंतचं व्याज द्यावं. ताब्याची तारीख व व्याजाचा हिशेब 15 दिवसांत लेखी कळवावा. अन्यथा महारेराकडे तक्रार करीन.’

महाराष्ट्रात हे व्याज स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरवर 2 टक्के मिळवून मोजतात. दर सोयीसाठी 10 टक्के धरला, तर 54 लाखांवर महिन्याला 45 हजार होतात. आकडा बिल्डरलाही कळतो.

‘महारेराने मुदत वाढवून दिली आहे,’ असं उत्तर हमखास येईल. प्रकल्पाच्या नोंदणीची मुदत वाढली म्हणून तुमच्या करारातली तारीख बदलत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2017 च्या नीलकमल रिअल्टर्स निकालात हे स्पष्ट केलं आहे. मात्र नवी तारीख मान्य करणाऱ्या पुरवणी करारावर तुम्हीच सही केली असेल, तर बाजू कमकुवत होते. मेल करारातल्या पत्त्यावर पाठवा आणि तोच मजकूर स्पीड पोस्टानेही धाडा.

घरच्यांना कलमं नकोत. त्यांच्या ग्रुपवर एवढं टाका: ‘आई, बाबा, बिल्डरला लेखी कळवलंय. घर सोडत नाही. उशिराचं व्याज मागितलंय, 15 दिवस वाट बघू, मग तक्रार. साइटवर जाऊन कुणी वाद घालू नका. त्यांचा फोन आला तर “मेलवर कळवा” एवढंच सांगा.’

आणि चावी घेताना पुढे येणारा कागद नीट वाचा. ‘विलंबाबाबत कोणतीही मागणी उरलेली नाही’ ही ओळ बऱ्याचदा त्यातच असते. तिच्यावर सही करू नका.