कॉटचा पाइप 18 गेज की 1.6 मिमी? निविदा भरण्याआधी लेखी विचारा

आमच्या वस्तीतल्या चार मुलांनी मिळून फॅब्रिकेशनचं वर्कशॉप काढलं. पहिलीच सरकारी निविदा मिळाली, एका वसतिगृहासाठी 100 लोखंडी कॉट. माल पोहोचला आणि तपासणीत नापास झाला. निविदेच्या तक्त्यात पाइप 18 गेजचा होता, तर सोबतच्या नकाशात जाडी 1.6 मिमी होती. 18 गेज म्हणजे साधारण 1.2 मिमी. मुलांनी तक्ता वाचून दर भरला, कार्यालयाने नकाशा पुढे केला.

बाहेरचं माप तेच ठेवून जाडी 1.2 वरून 1.6 केली, की लोखंड जवळपास एक तृतीयांशाने वाढतं. एका कॉटला 15 किलो पाइप लागत असेल तर तो 20 किलो लागतो. म्हणजे 100 कॉटना 500 किलो जास्त. पहिल्याच कामाचा नफा त्यातच गेला.

‘विचारणार होतो, पण साहेबांना राग आला तर?’ असं त्यांच्यातला एक जण म्हणाला. ही भीती मला परकी नाही. पण प्रश्न विचारणं म्हणजे मेहरबानी मागणं नव्हे. त्यासाठी निविदेतच मुदत असते. mahatenders.gov.in वर निविदेच्या तारखांमध्ये Clarification End Date पाहा. ती उलटली की प्रश्नाला उत्तर मिळेल याची खात्री नाही. प्री-बिड बैठक असेल तर त्याआधीच लेखी प्रश्न द्या.

पत्र छोटं असावं. निविदा क्रमांक, पान, बाब क्रमांक लिहून दोन्ही मजकूर समोरासमोर ठेवायचे. उदाहरणार्थ:

‘मा. महोदय, पान 14, बाब 3 मध्ये पाइप 18 गेज (सुमारे 1.2 मिमी) नमूद आहे. पान 22 वरील नकाशात जाडी 1.6 मिमी आहे. यांपैकी कोणती जाडी ग्राह्य धरावी, तसेच तपासणीवेळी किती कमी-जास्त चालेल, हे शुद्धिपत्रकाद्वारे कळवावे, ही विनंती.’

‘तपशील स्पष्ट करावा’ एवढंच लिहिलं तर ‘निविदेप्रमाणे’ असं एका शब्दात उत्तर येतं. पत्रात आपला दर मात्र चुकूनही लिहू नका.

फोनवर कोणी ‘18 गेज चालेल’ म्हणालं तर त्यावर दर काढू नका. सर्व निविदाधारकांसाठी निघालेलं शुद्धिपत्रकच तपासणीच्या दिवशी दाखवता येतं. त्यासोबत कधीकधी दरपत्रकाची फाइलही बदलते. त्यामुळे भरण्याआधी पोर्टल पुन्हा उघडा आणि नवी फाइल घ्या. आधीच भरली असेल तर मुदतीच्या आत पुन्हा सादर करा.

उत्तरच आलं नाही तर? ‘18 गेज धरून दर दिला आहे’ अशी अट घालू नका, सशर्त निविदा बाद होऊ शकते. 1.6 मिमीचा हिशेब करा. त्या दरात काम परवडत नसेल, तर ही निविदा सोडून द्या.