गोदामात बारकोड का वाचला जात नाही?

काउंटरवर क्षणात वाचला जाणारा बिस्किटांच्या पुड्याचा बारकोड मागच्या गोदामात नेला की साठ्याचं ॲप तो ओळखतच नाही. कॅमेरा बिघडला, असं वाटतं. बहुतेक वेळा तो ठणठणीत असतो.

आधी परवानगी तपासावी. स्क्रीनवर मंद का होईना, चित्र दिसत असेल तर परवानगी मिळालेली आहे. पडदा पूर्ण काळा असेल तर दोष उजेडाचा नसून सेटिंगचा असण्याची शक्यता जास्त. अँड्रॉइड 12 पासून सगळ्या ॲप्सचा कॅमेरा एकदम बंद करणारं बटण आलं आहे. ते बंद राहिलं तर ॲपला परवानगी असूनही काळंच चित्र मिळतं.

चित्र दिसतं पण कोड वाचला जात नाही, तेव्हा खरी अडचण हाताच्या हालचालीची असते. पुड्यांवरच्या तेरा अंकी बारकोडची सर्वांत बारीक रेघ नेहमीच्या आकारात 0.33 मिलिमीटर असते. अंधारात पुरेसा प्रकाश गोळा करायला कॅमेरा प्रत्येक चित्रासाठी जास्त वेळ घेतो. तो सेकंदाचा पंधरावा भाग धरू. तेवढ्यात सेकंदाला दोन सेंटीमीटर वेगाने हललेला हात चित्र 1.3 मिलिमीटर सरकवतो, म्हणजे चार रेघांएवढं. काळं-पांढरं एकमेकांत मिसळतं. फोकसचंही तसंच: लेन्सला कडा स्पष्ट दिसल्या तरच ती योग्य जागी थांबते, नाहीतर पुढेमागे होत राहते.

मग माणूस फोन आणखी जवळ नेतो, आणि तिथेच फसतो. खूप जवळ गेल्यावर लेन्स फोकस करूच शकत नाही. फोन पंधरा सेंटीमीटरवर आडवा धरला तर चित्रात साधारण 19 सेंटीमीटर रुंदी मावते, आणि बारकोडच्या रेघा त्यातल्या तीनच सेंटीमीटर व्यापतात. ॲप 640 पिक्सेल रुंदीचं चित्र तपासत असेल तर बारकोडच्या वाट्याला शंभरच्या आसपास पिक्सेल येतात. गूगलच्या एमएल किट या बारकोड वाचणाऱ्या साधनाला तिथे किमान 190 लागतात. म्हणून तपासणीचं चित्र 1280 पिक्सेलचं करावं, किंवा फोन आहे तिथेच ठेवून दुप्पट झूम द्यावा. महागडा फोन घेण्याआधी हे करून पाहावं.

टॉर्च सर्वांत उपयोगी, कारण उजेड वाढला की कॅमेऱ्याचा वेळ घटतो आणि फोकसही सापडतो. स्कॅनच्या पडद्यावर तिचं बटण नसणं हा ॲप बनवणाऱ्याचा दोष मानावा. चकचकीत प्लास्टिकवर मात्र तिचा पांढरा डाग पडून रेघा पुसल्या जातात. अशा वेळी पुडा थोडा तिरका धरावा, म्हणजे डाग बाजूला सरकतो. एवढं करूनही कोड वाचला गेला नाही, तर तोच पुडा दारात उन्हात नेऊन स्कॅन करावा. तिथेही अपयश आलं, तर छपाई किंवा ॲपमध्ये निवडलेले बारकोडचे प्रकार तपासायला घ्यावेत.