ठिपक्यांचा थांबा आणि आडवा बाजार



आपल्या व्याख्यानमालेत शेअर बाजारावर बोलायचे म्हणजे थोडे धाडसच. पण आपल्या बडोद्यात असे घर विरळा की जिथे सकाळच्या चहाबरोबर भावांची चर्चा होत नाही. माझे एक भावोजी बँकेतून निवृत्त झाले आणि त्यांनी मोबाइलवरच्या आलेखातल्या ठिपक्यांवर भरवसा ठेवून व्यवहार सुरू केले. ठिपके भावाच्या खाली असले की घ्यायचे, वर गेले की विकायचे. चार महिन्यांनी त्यांनी आपली वही माझ्यासमोर ठेवली. अकरा सौद्यांपैकी नऊ तोट्याचे होते. तोटा प्रत्येक वेळी थोडाथोडाच, आणि शेअरचा भाव मात्र चार महिन्यांपूर्वी होता तिथेच. "भाव हललाच नाही, मग पैसे गेले कुठे?" हा त्यांचा प्रश्न. आजचे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

हे ठिपके म्हणजे पॅराबोलिक एस.ए.आर. जे. वेल्स वाइल्डर या अमेरिकन गृहस्थांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात ही पद्धत मांडली. ते मूळचे यंत्र अभियंते. एस.ए.आर. या तीन अक्षरांचा अर्थ 'थांबा आणि उलटा फिरा' असा आहे. तेजीचा सौदा चालू असताना ठिपका भावाच्या खाली असतो. भाव खाली येऊन त्या ठिपक्याला टेकला की सौदा संपवायचा, एवढेच नव्हे, तर त्याच भावाला मंदीचा सौदा करायचा. म्हणजे माणूस बाजाराबाहेर कधी नसतोच. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

आता ठिपका कसा सरकतो ते पाहू. हिशेब एका ओळीचा आहे:

उद्याचा थांबा = आजचा थांबा + वेगांक × (टोक − आजचा थांबा)

टोक म्हणजे हा सौदा सुरू झाल्यापासून भावाने गाठलेला सर्वांत वरचा आकडा. मंदीच्या सौद्यात अर्थातच सर्वांत खालचा. वेगांक ०.०२ पासून सुरू होतो. भावाने नवे टोक गाठले की त्यात ०.०२ ची भर पडते, आणि ०.२० झाला की तो तिथेच राहतो. आणखी दोन नियम आहेत. तेजीत थांबा मागच्या दोन दिवसांच्या नीचांकांच्या वर नेता येत नाही. आणि सौदा उलटला की नवा थांबा सुरू होतो तो जुन्या सौद्याच्या टोकापासून.

या हिशेबाचे मर्म असे की भाव जागचा हलला नाही तरी थांबा वर सरकतच राहतो. वाइल्डर यांचे म्हणणे जणू हेच होते: घेतलेला शेअर ठरल्या वेळेत चालला नाही तर त्याला जास्त दिवस सांभाळू नका.

कागदावरचे एक उदाहरण घेऊ. आकडे मी हिशेबासाठी कल्पिले आहेत. एक शेअर ४९० पर्यंत उतरून वर आला आणि ५०१.६१ ला आपला तेजीचा सौदा झाला. त्या दिवशीचा उच्चांक ५०४. नियमाप्रमाणे पहिला थांबा ४९० वर.

आधी चांगल्या दिवसांचे चित्र. समजा इथून उच्चांक रोज चार रुपयांनी वाढत गेला. थांबा आरंभी गोगलगायीसारखा चालतो: ४९०.२८, मग ४९०.९९, मग ४९२.२५. पण रोज नवे टोक, म्हणून रोज वेगांक वाढतो, आणि दहाव्या दिवसासाठीचा थांबा ५१८.७१ वर जाऊन बसतो. आता भाव कोसळून थांब्याला लागला तरी सतरा रुपये पदरात. हे ठिपके आलेखावर जोडले तर पॅराबोलासारखी वाकत वर जाणारी रेघ दिसते, म्हणून ते नाव. वाहत्या बाजारात ही पद्धत सुरेख चालते यात शंका नाही.

आता त्याच शेअरचे दुसरे चित्र. ५०४ नंतर उच्चांक ५०७ झाला, मग ५१०, आणि तिथे भाव अडला. पुढे तो ५०० ते ५१० मध्ये घुटमळत राहिला. नवी टोके दोनच मिळाली, म्हणून वेगांक ०.०६ वर थांबला. पण ठिपका मात्र थांबला नाही. तिसऱ्या दिवशी ४९२.०९, सहाव्या दिवशी ४९५.१३, दहाव्या दिवशी ४९८.३९. त्या दहाव्या दिवशी भाव उतरून ४९६ ला गेला. वाटेत ४९८.३९ ला आपला सौदा कापला गेला. ५०१.६१ ला घेतले, ४९८.३९ ला विकले; शेअरमागे ३.२२ रुपये गेले.

इथेच नियम सांगतो, आता मंदीचा सौदा करा. तो ४९८.३९ ला झाला, थांबा ५१० वर. भाव ४९० पर्यंत उतरला, तिथे अडला, आणि आरशातल्या प्रतिबिंबाप्रमाणे दहाव्या दिवशी वर येऊन ५०१.६१ च्या थांब्याला लागला. पुन्हा ३.२२ रुपये गेले. भाव पुन्हा पहिल्या जागी, आणि आपण पुन्हा तेजीत. असे साठ दिवस चालले तर सहा सौदे आणि शेअरमागे सुमारे १९ रुपये. भाव हलला नाही आणि पैसे गेले, त्याचे कारण हे. ४९० ते ५१० या पट्ट्याची मध्यरेषा ५०० आहे. आपण दर वेळी तिच्या वर विकत घेतो आणि तिच्या खाली विकतो.

यापुढची गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. नुकसान किती होणार हे पट्ट्याच्या रुंदीइतकेच भावाच्या हेलकाव्याच्या वेगावर ठरते. वरच्या उदाहरणात थांब्याला मध्यरेषा ओलांडायला आणखी तीन दिवस हवे होते. तेराव्या दिवशी तो ५०० च्या वर गेला असता. हेलकावा तितका संथ असता, तर त्याच पट्ट्यात थोडा नफाही झाला असता. उलट भाव पट्ट्याच्या एका बाजूकडून दुसरीकडे सहा दिवसांतच फिरू लागला, तर थांबा त्या वेळी जेमतेम ४९५.२ पर्यंत पोहोचलेला असतो. मग खरेदी ५०४.८ च्या आसपास, विक्री ४९५.२ ला, आणि तोटा ९.६ रुपये. एका सौद्याचा तोटा तिप्पट. शिवाय साठ दिवसांत सौदे सहाऐवजी दहा. बेरीज ९६ रुपयांवर जाते. पट्टा तोच, नियम तोच, फक्त हेलकावा घाईचा.

मग वेगांक वाढवावा का? भावोजींनी तेही करून पाहिले होते. वाढवला की थांबा भावाला लवकर चिकटतो, आणि मग खऱ्या तेजीतला एका दिवसाचा साधा उतारही सौदा कापून टाकतो. कमी केला तर आडव्या बाजारात थांबा आणखी मागे राहतो आणि प्रत्येक तोटा मोठा होतो. मागच्या आलेखावर बसवून उत्तम दिसणारा आकडा सापडतो खरा. पण तो मागच्या हेलकाव्यांना बेतून शिवलेला अंगरखा असतो, पुढच्या हेलकाव्यांच्या मापाचा नव्हे.

या रक्तस्रावात भर पडते ती खर्चाची. शेअर डिलिव्हरीने घेतला तर रोखे व्यवहार कर खरेदीवर ०.१ टक्का आणि विक्रीवरही ०.१ टक्का लागतो, नफा होवो वा तोटा. वरच्या भावाला शंभर शेअर घेऊन विकले तर कराचेच सुमारे शंभर रुपये, दलाली वेगळी. म्हणजे ३२२ रुपयांचा तोटा ४२२ च्या पुढे जातो. आणि रात्रीतून बातमी येऊन भाव थांब्याच्या खालीच उघडला, तर विक्री ठिपक्याच्या भावाला न होता त्या उघडलेल्या भावाला होते.

मग बाजार आडवा आहे हे ओळखायचे कसे? सर्वांत साधी खूण आलेखावरच असते. मागच्या दोन-तीन महिन्यांत ठिपक्यांनी किती वेळा बाजू बदलली ते मोजा, आणि प्रत्येक बदलाच्या वेळचा भाव एका ओळीत लिहा. 'घेतले' आणि 'विकले' यांचे आकडे एकाच पट्ट्यात वरखाली होत असतील, तर ठिपक्यांना इथे वाट सापडलेली नाही. दुसरी खूण स्वतः वाइल्डर यांनी त्याच पुस्तकात दिली आहे. ती म्हणजे ए.डी.एक्स. हा आकडा दिशा वर की खाली हे सांगत नाही, दिशेचा जोर किती ते सांगतो. तो २० च्या खाली असला की बाजाराला दिशा नाही असे बहुतेक लोक धरतात. मात्र तो बऱ्याच दिवसांच्या सरासरीची सरासरी असल्याने उशिरा जागा होतो. तो २५ च्या वर येईपर्यंत तेजीचा पहिला घास गेलेला असतो. आडव्या बाजारातली गळती वाचवायची तर ही किंमत मोजावी लागते.

तिसरा उपाय सर्वांत सोपा, आणि भावोजींना मी तोच सांगितला. या पद्धतीतले 'थांबा' ठेवा, 'उलटा फिरा' सोडून द्या. रोखीच्या बाजारात आपल्याजवळ नसलेला शेअर विकून दिवसेंदिवस बसता येतच नाही, त्याच दिवशी परत घ्यावा लागतो. मंदीचा सौदा लांबवायचा तर फ्यूचर्समध्ये जावे लागते, आणि तिथली जोखीम पेन्शनच्या पैशाला झेपणारी नाही. त्यामुळे ठिपक्याला फक्त बाहेर पडण्याचे दार समजावे. आत जाण्याचे कारण वेगळे असावे: कंपनीचा ताळेबंद म्हणा, ए.डी.एक्स. म्हणा. केवळ ठिपका खाली आला म्हणून पुन्हा घेत राहिलात, तर मंदीचे सौदे वगळूनही प्रत्येक फेरीचे ३.२२ जातच राहतील. फेऱ्या निम्म्या होतील, इतकेच.

भावोजींची वही मी परत दिली तेव्हा त्यांनी शेवटच्या पानावर एक नवा रकाना आखला: 'ठिपका सोडून घेण्याचे दुसरे कारण'. मागच्या दिवाळीला मी पाहिले तेव्हा त्या पानावर तीनच सौदे होते. त्यांपैकी एक तोट्याचा होता, पण तिन्ही ओळींत तो रकाना भरलेला होता.