बनावट सौंदर्यप्रसाधने
नामांकित उत्पादकाचे नाव, चिन्ह किंवा वेष्टन त्याच्या अनुमतीवाचून वापरून विकल्या जाणाऱ्या प्रसाधनांना बनावट सौंदर्यप्रसाधने म्हणतात. भारतातील औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० यात अशा मालाचा ‘खोटी सौंदर्यप्रसाधने’ म्हणून स्वतंत्र उल्लेख असून त्याची निर्मिती व विक्री हा गुन्हा आहे. अस्सल मालाच्या डबीत दुसरेच द्रव्य भरले किंवा मूळ मालात हानिकारक पदार्थ मिसळला, तरी ग्राहकाच्या दृष्टीने परिणाम एकच होतो. प्रस्तुत नोंदीत आंतरजालावरील विक्रीमंचांतून घेतलेली प्रसाधने, विशेषतः त्वचेचा रंग उजळ करणारी मलमे, यांचा विचार केला आहे. कारण या वर्गातील भेसळ त्वचेपुरती मर्यादित राहत नाही.

विक्रीची साखळी : विक्रीमंचावर दिसणारा माल बहुधा मंचाच्या मालकीचा नसतो, त्रयस्थ विक्रेते आपला माल तेथे मांडतात. अस्सल मालाचे छायाचित्र आणि वर्णन कोणालाही वापरता येते, त्यामुळे छायाचित्रावरून प्रत्यक्ष वस्तूविषयी काही सिद्ध होत नाही. अमेरिकेच्या शासकीय उत्तरदायित्व कार्यालयाने अशा पाच संकेतस्थळांवरून त्रयस्थ विक्रेत्यांच्या ४७ वस्तू विकत घेऊन तपासल्या व त्याचा अहवाल २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. ४७ पैकी २० वस्तू बनावट निघाल्या. त्यांत एकाच नाममुद्रेची १३ सौंदर्यप्रसाधने घेतली होती. ती तेराही बनावट होती. ग्राहकांनी चांगली पसंती दिलेले विक्रेतेच या चाचणीसाठी निवडलेले होते. यावरून ग्राहकांचे अभिप्राय हा अस्सलपणाचा पुरावा नव्हे, हे स्पष्ट होते. बनावट मलमाने रंग लवकर उजळत असल्याने ते वापरणारा पहिल्या काही आठवड्यांत समाधानाचाच अभिप्राय देतो.

भेसळ व तिचे कार्य : त्वचेचा रंग मेलॅनीन या रंगद्रव्यावर अवलंबून असतो. ते तयार होण्यासाठी टायरोसिनेज हे एंझाइम (जीवरासायनिक विक्रियेस चालना देणारे प्रथिन) लागते. पाऱ्याची लवणे या एंझाइमाचे कार्य रोखतात, त्यामुळे त्वचा उजळ दिसते. पारा स्वस्त व त्वरित परिणाम करणारा असल्याने तो बनावट व बेकायदेशीर मलमांत वारंवार आढळतो. दुसरी नेहमीची भेसळ तीव्र कॉर्टिकोस्टेरॉइड औषधांची असते, उदा., क्लोबेटॅसॉल. त्यांनी दाह व लाली तात्काळ ओसरते आणि चेहरा नितळ भासतो. ही औषधे वैद्याच्या सल्ल्यानेच वापरावयाची असून प्रसाधनात ती असता कामा नयेत.

त्वचेवरील व शरीरावरील परिणाम : स्टेरॉइडयुक्त मलम चेहऱ्यावर काही महिने लावल्यास त्वचा पातळ होते, सूक्ष्म रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुमे येतात आणि लव वाढते. मलम थांबविताच आग व लाली उसळते; म्हणून वापरणारा पुन्हा त्याच मलमाकडे वळतो. पाऱ्यामुळे पुरळ, डाग व त्वचेला करडी छटा येऊ शकते. त्याहून गंभीर बाब म्हणजे पारा त्वचेतून व केसांच्या मुळांतून रक्तात शोषला जाऊन मूत्रपिंडात साठतो. मूत्रपिंडाच्या गाळणीस इजा होऊन मूत्रातून प्रथिने जाऊ लागतात. मूत्रास फेस येणे आणि डोळ्यांभोवती व पायांवर सूज येणे ही त्याची लक्षणे होत. केरळमधील वैद्यांनी २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या अशा एका विकाराचे २२ रुग्ण अभ्यासले. त्यांपैकी १५ जणांत एक विशिष्ट प्रकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जण त्वचा उजळविणारी मलमे वापरीत होते. मलमाचा पारा टॉवेल, उशी व हात यांमार्फत घरातील बालकांपर्यंतही पोहोचतो.

एक उदाहरण : २०१९ मध्ये अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात ४७ वर्षांच्या एका स्त्रीस हातांत अशक्तपणा व स्नायूंच्या अनैच्छिक हालचाली जाणवू लागल्या. पुढे दृष्टी अंधुक झाली, तोल जाऊ लागला व शुद्ध हरपू लागली. तिच्या रक्तात दर लिटरमागे २,६२० मायक्रोग्रॅम पारा आढळला. सर्वसाधारणपणे हे प्रमाण ५ हून कमी असते. सात वर्षे ती दिवसातून दोनदा एक मलम लावीत असे. ते मेक्सिकोतून अनौपचारिक मार्गाने आणलेले होते व डबीवर नामांकित उत्पादकाची चिठ्ठी होती. मलमात दर दशलक्ष भागांत १२,००० भाग, म्हणजे १.२ टक्के पारा होता. भारताच्या सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० नुसार डोळ्यांखेरीज अन्य प्रसाधनांत अनवधानाने येणाऱ्या पाऱ्याची मर्यादा दर दशलक्ष भागांत १ भाग आहे. मलमातील पारा मुख्यतः सेंद्रिय रूपाचा होता. हे रूप विरळ असून मेंदूस विशेष घातक असते. चिठ्ठी खरी वाटत असूनही आतील द्रव्य काय आहे, हे केवळ प्रयोगशाळेत समजले.

ओळख : खरेदीपूर्वी विक्रेत्याचे नाव व भौगोलिक पत्ता पाहावा. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार ही माहिती मंचाने दर्शविणे बंधनकारक आहे. उत्पादकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर अधिकृत विक्रेत्यांची यादी असल्यास तीत हे नाव आहे काय ते ताडावे. वस्तू हाती आल्यावर मोहोर फोडण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे. नंतर खोका आणि आतील डबी यांवरील गट-क्रमांक व वापराची अंतिम मुदत जुळते काय ते पाहावे. भारतीय मालावर उत्पादकाचा पूर्ण पत्ता व उत्पादन-परवाना क्रमांक, तर आयात मालावर आयातदाराचे नाव, पत्ता व नोंदणी-प्रमाणपत्राचा क्रमांक असावा लागतो. परदेशी मलमावर आयातदाराचा उल्लेखच नसेल, तर ते अधिकृत मार्गाने आलेले नाही असे समजावे. घटकांची यादी नसणे हेही वर्ज्य लक्षण होय.

पाऱ्याविषयी काही विशेष खुणा आहेत. चिठ्ठीवर कॅलोमेल, मर्क्युरिक आयोडाइड वा अमोनिएटेड मर्क्युरी ही नावे असणे, मलम सोने, चांदी, ॲल्युमिनियम वा रबर यांस लागू देऊ नये अशी सूचना असणे (पारा धातूंशी संयोग पावतो) किंवा उजेडात मलम करडे पडणे, ही पारा असल्याची चिन्हे होत. मात्र ती नसल्याने मलम निर्दोष ठरत नाही. वास, रंग व घट्टपणा यांवरून पारा किंवा स्टेरॉइड ओळखता येत नाही. घरगुती चाचणीही विश्वसनीय नसते.

उपाययोजना : संशय आल्यास वापर थांबवून डबी झाकून पिशवीत बंद करावी व पुरावा म्हणून ठेवावी. स्टेरॉइडचा संशय असल्यास थांबविल्यावर होणाऱ्या दाहासाठी त्वचारोगतज्ज्ञाचा सल्ला आवश्यक असतो. दीर्घकाळ वापर झाला असेल, तर मूत्रातील प्रथिने आणि रक्त व मूत्रातील पारा तपासून घ्यावा. उपर्युक्त अधिनियमाच्या कलम २६ नुसार खरेदीदार विहित शुल्क भरून आपल्याजवळील प्रसाधनाचे शासकीय विश्लेषकाकडून परीक्षण करवून घेऊ शकतो. महाराष्ट्रात तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. विक्रीमंचाच्या तक्रार-अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देणे व एका महिन्यात निवारण करणे बंधनकारक आहे.