इंडेक्स फंडाला थोडा कल दिला तर?

निफ्टी 100 लो व्होलॅटिलिटी 30 हा निर्देशांक मोठ्या शंभर कंपन्यांमधून वर्षभरात भाव सर्वांत कमी हेलकावलेल्या तीस निवडतो. शेअर जितका शांत, तितका त्याचा वाटा मोठा. ‘व्हॅल्यू’ निर्देशांक नफा आणि पुस्तकी मूल्याच्या मानाने स्वस्त शेअर उचलतात.

शांतपणाचा फायदा गणितात दिसतो. बाजार 30 टक्के चढून 25 टक्के पडला, तर शंभराचे साडेसत्त्याण्णव उरतात. 20 टक्के चढून 15 टक्के पडणाऱ्या फंडात मात्र 102 होतात.

पण बाजार नुसताच चढत राहिला, की हाच फंड मागे पडतो. पडझडीतही भरवसा नाही: मार्च 2020 मध्ये अमेरिकेतले असे फंड जवळपास बाजाराइतकेच कोसळले आणि सावरताना रेंगाळले. तिथले व्हॅल्यू शेअर तर 2007 नंतर दशकभराहून अधिक काळ पिछाडीवर होते.

अनुभवी गुंतवणूकदाराला मग काय मिळते? दहा लाखांपैकी दोन लाख अशा फंडात ठेवले आणि त्याने वर्षाला दीड टक्का जास्त दिला, तर तीन हजार रुपये, म्हणजे एकूण रकमेवर 0.3 टक्के. त्यातून जादा खर्च वजा. तीन वाईट वर्षांनी कंटाळून फंड बदलला, तर नफ्यावर करही लागतो. फंडाच्या आतल्या अदलाबदलीवर तो गुंतवणूकदाराला भरावा लागत नाही. खरा अडसर हा कंटाळाच, आणि बाजारात मुरलेल्यांनाही तो चुकत नाही.